किलर बॉय, दारव्ह्याहून

कापसाची वेचणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यात संध्याकाळी आठ वाजता एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आवाज येऊन रायला का भाऊ?" विचारणारा स्वतः दिसत असतो. मागं हिरवा पडदा, पडद्याच्या कडेनं डोकावणारं घरचं कपाट, पुढं स्टँडवर मोबाइल आणि दुसऱ्या हातात दुसरा मोबाइल, त्यात आजचे बाजारभाव. यूट्यूबवर लाइव्ह येऊन कापूस, सोयाबीन आणि तुरीचे भाव सांगणारे असे भाऊ आता विदर्भात पैशाला पासरी आहेत. कोणी हवामान सांगतो, कोणी फवारणी सांगतो, आणि सगळे जण सुरुवातीची पाच मिनिटं एकच गोष्ट विचारतात. आवाज.

या प्रश्नानंतर जी शांतता पसरते ती अनुभवण्यासारखी असते. भाऊ मोबाइलच्या पडद्याकडे पाहतो. पडदा भाऊकडे पाहतो. कोणी काही बोलत नाही. भाऊचा चेहरा हळूहळू पडतो, तो माइकची वायर हलवतो, खोलीतल्या कोणाला तरी "अरे पाहाय रे जरा" म्हणतो. तेवढ्यात धाडधाड उत्तरं येतात : हो, येतो, ओके, क्लिअर, जय जवान जय किसान.

लोक झोपलेले नसतात. भाऊचं बोलणं आपल्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. लाइव्ह म्हणतात, पण ते शिळं असतं. किती शिळं ते सेटिंगवर ठरतं. यूट्यूबवर उशिराचे तीन प्रकार आहेत. सगळ्यात कमी उशिराचं सेटिंग ठेवलं तर पाच सेकंदांच्या आत, मधलं ठेवलं तर दहाच्या आत, आणि नेहमीचं ठेवलं तर त्याहून जास्त. त्यात गावाकडचा टॉवर. म्हणजे भाऊनं विचारलं, आपण ऐकलं, चष्मा शोधला, "हो" टाइप केलं आणि ते भाऊला दिसलं, एवढ्यात बिचाऱ्याचं अर्धं आयुष्य गेलेलं असतं. पुढचा गोंधळ तर आणखी मजेचा. भाऊ माइक दुरुस्त करून पांढरकवड्याचा भाव सांगायला लागतो, आणि तेव्हा "आवाज नाही, आवाज नाही" असे मेसेज येतात, मघाचे. भाऊ पुन्हा माइक काढतो.

तर या शांततेतच, माझ्या मते, चॅटमधल्या मेसेजचं सोनं होतं. बाकी सगळे "हो" म्हणत असताना एखादा लिहितो : "हो भाऊ, पुसदला क्लिअर येतोय." एवढंच. आणि भाऊ तो मोठ्यानं वाचतो, दर वेळी वाचतो. त्याला वाचावाच लागतो. पहिली गोष्ट म्हणजे त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. दुसरी, त्यात गाव आहे, आणि गाव वाचलं की भाऊला आपला पसारा किती दूरवर गेला ते सगळ्यांना ऐकवता येतं. तिसरी, त्याच्याकडे त्या क्षणी बोलायला दुसरं काहीच नसतं. लोक जमायचे असतात, आकडे सांगून टाकले तर उशिरा येणारे पुन्हा विचारतील, म्हणून तो वेळ काढत असतो. "पुसदहून क्लिअर येतोय म्हणतात, धन्यवाद पुसदकर. वणीवाले आले का? उमरखेड?" की लगेच वणी आणि उमरखेड आपापल्या अंथरुणात उठून बसतात.

पहिल्या पाच मिनिटांत चॅट संथ असतं, एकेक मेसेज खाली-वर न होता पडद्यावर उभा राहतो. तेच आठ-वीसला, भाऊ सीसीआयचा विषय काढतो तेव्हा, मेसेज असे पळतात की भाऊचे डोळे पाळण्यात बसल्यासारखे वर-खाली होतात. त्या वेळी तुम्ही कितीही शहाणं लिहा, भाऊ ते वाचायला मान वळवेपर्यंत ते वर निघून गेलेलं असतं. म्हणून ज्याला आपलं नाव ऐकायचं आहे त्यानं एकतर लवकर यावं, नाहीतर भाऊ पाण्याचा घोट घेतो तेव्हा लिहावं. घोट घेऊन झाला की भाऊची नजर पहिल्यांदा चॅटवरच जाते. पण हे लिहिताना मघाचा उशीर धरायचा : घोट दिसला तेव्हा तो पिऊन झालेला असतो. जाणकार लोक घोटाच्या आधीच, भाऊचा घसा खरखरायला लागला की लिहितात.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. यवतमाळच्या नवरात्रात दुर्गादेवीच्या मंडपांपुढं माइकवाल्याच्या हातात जे कागदाचे चिटोरे येतात, ते हेच. एमएच २९ ची कोणती तरी गाडी रस्त्यात उभी आहे ती काढावी. निळा शर्ट घातलेला मुलगा मंडपाजवळ बसला आहे. अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. माइकवाला चिठ्ठी उघडतो, एका श्वासात मावली तर वाचतो, नाही मावली तर घडी करून खिशात घालतो. रेडिओच्या काळात झुमरीतिलैयाचे लोक फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवून पाठवून साऱ्या देशात प्रसिद्ध झाले. ते अभ्रकाच्या खाणींचं गाव, पण अभ्रकापेक्षा त्याचं नाव गाजलं ते रेडिओवर. गाणं ऐकायची हौस होतीच. पण गाणं काय, तुमची फर्माइश नसली तरी लागतंच. ऐकायचं असायचं ते गाण्याच्या आधीचं आपलं नाव. बदल इतकाच झाला की पोस्टकार्ड गेलं आणि त्याच्या जागी चॅटची ती बारीक पेटी आली.

त्या पेटीत दोनशे अक्षरं मावतात. दोनशे म्हणजे पुष्कळ, असं इंग्रजीवाल्यांना वाटतं. आपल्याला वेलांट्या, काने आणि जोडाक्षरांतले पायमोडे असे सगळे वेगळे मोजून दोनशे मिळतात. "नमस्कार" हा आपल्या डोळ्यांना चार अक्षरी, यंत्राच्या हिशोबी सात. म्हणजे "आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" लिहून झालं की पेटीचा पाचवा हिस्सा भरला, आणि शेतकरी अजून बांधावरच उभा.

हे मी दारव्ह्याजवळच्या आमच्या काकाजींच्या घरी बसून पाहिलं आहे. काकाजींचं वय सत्तरीपुढं, कापूस सहा एकर, आवाज भोंग्यासारखा आणि टाइप करण्याचं बोट एक. २०२५ च्या हंगामात वेचणीच्या तोंडावर पाऊस झाला, कापूस घरात आला तो दमट आला. व्यापाऱ्यानं गाडीजवळ उभं राहून मूठभर कापूस दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. सीसीआयच्या केंद्रावर न्यावा तर तिथं ओलावा मोजणार. काकाजींनी ठरवलं की भाऊलाच विचारायचं.

पहिला मजकूर असा तयार झाला. आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार. मग आपला कार्यक्रम रोज पाहतो, घरचे सगळे पाहतात. मग यंदाचा पाऊस, वेचणीची मजुरी, मजूर कसे मिळत नाहीत, मग व्यापाऱ्याचं तोंड. प्रश्नापर्यंत पोचायच्या आधीच पेटी भरली आणि पाठवायचं बटण निष्क्रिय झालं. काकाजींनी मोबाइल पालथा करून पाहिला. मग त्यांनी युक्ती काढली : मजकुराचे तीन तुकडे करायचे आणि एकामागून एक सोडायचे. पहिला सोडला. दुसरा सोडायला गेले तर मोबाइल म्हणतो, थांबा. भाऊनं चॅटला स्लो मोड लावलेला होता. गर्दी आवरायला ही सोय असते. एका माणसाला दोन मेसेजांच्या मध्ये ठरावीक सेकंद थांबावंच लागतं, आणि भाऊनं ते मिनिटभर ठेवलं होतं. मिनिटानं दुसरा तुकडा गेला, त्यानंतर मिनिटानं तिसरा. या तीन तुकड्यांच्या मध्ये बाभुळगाव, राळेगाव, घाटंजी आणि कोणी तरी पुण्याहून गावाकडची आठवण काढणारा, असे पन्नास जण घुसले.

भाऊनं वाचला तो नेमका तिसरा तुकडा.

"तर आता आम्ही काय करावं," भाऊनं मोठ्यानं वाचलं. थांबला. पडद्यात तोंड घालून वर-खाली पाहिलं. "काय करावं म्हणजे? अहो, आधी झालं काय ते तर सांगा!" आणि पुढं गेला.

काकाजी पडद्याला ओरडून सांगत होते काय झालं ते. आवाज भोंग्यासारखा असला तरी लाइव्ह त्या बाजूनं चालत नाही.

त्यांची नात बारावीत आहे. ती तेव्हापर्यंत अभ्यासाच्या नावाखाली तिथंच बसलेली होती. तिनं मोबाइल घेतला. "आजोबा, एकच सांगा. तुम्हाले विचारायचं काय आहे?" काकाजींनी पुन्हा पावसापासून सुरुवात केली. ती म्हणाली, पाऊस नाही, प्रश्न. बराच वेळ झटापट झाली. आदरणीय गेला, सप्रेम गेला, मजूर गेले. व्यापाऱ्याचं तोंड काढायला काकाजी तयार नव्हते, कारण खरा अपमान तिथं झाला होता. पण ती म्हणाली, तोंड भाऊला काय करायचं आहे, ओलावा सांगा. ओलावा गावातल्या एकाच्या मीटरवर मोजलेला होता. शेवटी जे उरलं ते असं :

"नमस्कार भाऊ, दारव्ह्याहून. कापसात ओलावा १३ टक्के. सीसीआय घेईल का?"

यंत्राच्या हिशोबानं पासष्ट अक्षरं. पेटीचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मी हा मेसेज नीट पाहिला, आणि मला वाटतं यात काही काढता येत नाही. नमस्कार काढला तर तो जाब विचारल्यासारखा होतो; आपल्याकडं अनोळखी माणसाकडे नमस्कार न घालता गेलं की तो आधी वळून पाहतो आणि मग ऐकतो. "भाऊ" हवाच. "सर" म्हटलं असतं तर भाऊ शिक्षकासारखा बोलायला लागला असता. गाव हवं, कारण गावाशिवाय माणूस म्हणजे नुसता आकडा. ओलाव्याचा आकडा हवा, कारण तो नसेल तर भाऊ उलट विचारणार आणि त्या उलट प्रश्नाचं उत्तर पोचेपर्यंत विषय तुरीवर गेलेला असणार. आणि प्रश्न शेवटी हवा. वाचता वाचता भाऊचा श्वास जिथं संपतो तिथंच उत्तर सुरू होतं. प्रत्येक वाक्यानंतर थांबायला जागा आहे. काकाजींनी आधी एकदा माइकवर बोलून टाइप करून पाहिलं होतं, तेव्हा विरामचिन्हं सगळी गळाली आणि "कापसात ओलावा आहे का सीसीआय" असं काही तरी तयार झालं. असलं वाचताना भाऊ एकदा अडखळला की दुसऱ्यांदा तुमच्या मेसेजकडे फिरकत नाही. अडखळायला त्यालाही लाज वाटते, दोन हजार लोक पाहत असतात.

पाठवायचा कधी, हेही नातीनंच ठरवलं. सीसीआयचा विषय निघाला की नाही. तेव्हा सगळेच तुटून पडतात. भाऊ सोयाबीन संपवून "आता बघू कोण कोण काय म्हणतंय" असं म्हणायच्या बेतात आला, त्याच्या जरा आधी. बोट दाबलं. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. काकू स्वयंपाकघरातून झारा घेऊन आल्या.

"हं," भाऊ म्हणाला. पुढं सरकला. डोळे बारीक केले.

"किलर बॉय. किलर बॉय दारव्ह्याहून विचारून रायले : कापसात ओलावा तेरा टक्के, सीसीआय घेईल का?"

झालं असं होतं की काकाजींच्या मोबाइलवरचं खातं नातवानं उघडून दिलेलं होतं. तो आता नागपूरला शिकतो; सातवीत असताना गेम खेळायला आजोबांचा मोबाइल घ्यायचा. चॅटमध्ये माणसाचं घरचं नाव दिसत नाही, खात्याचं हँडल दिसतं, आणि काकाजी गेली कित्येक वर्षं किलर बॉय या नावानं भाऊला नमस्कार घालत आहेत हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. पण तक्रार करण्यासारखं हे कमीच. मराठीत नाव लिहून खातं उघडणाऱ्या पुष्कळांना यूट्यूबनं user- असं सुरू होणारं, अक्षरं आणि आकड्यांची खिचडी असलेलं हँडल चिकटवून दिलेलं आहे. भाऊ ते वाचायला जातो, युजर डॅश, मग दोन अक्षरं, मग तीन आकडे, आणि मध्येच "एक शेतकरी बांधव विचारतात" म्हणून मोकळा होतो. त्या बांधवानं जन्मभर वाट पाहिलेली असते. त्यामानानं किलर बॉय ठसठशीत. भाऊच्या तोंडात मावतो.

आणि उत्तर मिळालं. भाऊ म्हणाला, "किलर बॉय, तेराला नाही घेत. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, लांब धाग्याला यंदा आठ हजार एकशे दहा. आठच्या वर बारापर्यंत टक्क्यामागं टक्का कापतात. बाराच्या वर गेला की गाडी परत. तुमचा एक टक्काच जास्त आहे ना? मग घाई करू नका, दोन-तीन दिवस ताडपत्रीवर पसरा, ऊन आहे. आणि बाराला आणून थांबू नका, आठाला आणा." काकाजींनी हिशोब तिथंच केला : टक्क्याला एक्क्याऐंशी रुपये, बाराला न्यावा तर चार टक्के म्हणजे क्विंटलमागं सव्वातीनशे गेले. काकू झारा हातात धरून म्हणाल्या, "मी केव्हाची सांगून रायली होती वाळवा म्हणून." त्यांना कोणी वाचलं नाही. त्यांच्याकडे हँडल नाही.

मेसेजांची आणखी एक जात सांगायची राहिली. काही मंडळी भाऊ येण्याच्या आधीपासून तयारच असतात. एकानं गुलाब, कळस आणि हात जोडलेले असे चाळीस इमोजी ओतले. भाऊ ते वाचणार कसे? पाहतो, हसतो, पुढं जातो. एकानं फोन नंबर टाकला आणि "कॉल करा" लिहिलं. तो मेसेज भाऊच्या भाच्यानं, ज्याच्या नावापुढं पान्ह्याचं चिन्ह आहे आणि ज्याला चॅट सांभाळायला बसवलं आहे त्यानं, उचलून टाकला. लिंक टाकणाऱ्याचंही तेच. आणि एक जण रोज लिहितो : "भाऊ आमचा मेसेज वाचत नाही." गंमत म्हणजे हा मेसेज वाचला जातो. भाऊला ते लागतं. "असं कसं म्हणता, वाचतो ना, बोला काय म्हणता." आणि त्या माणसाला म्हणायचं काहीच नसतं. तो गप्प होतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच लिहितो, आणि मग मात्र भाऊ डोळ्यांवर चष्मा असूनही पाहत नाही.

पैसे देऊन वाचून घ्यायचीही सोय आहे. सुपर चॅट म्हणतात. पैसे टाकले की मेसेज रंगीत होतो. रक्कम वाढली की रंग बदलतो, अक्षरं जास्त मिळतात आणि मेसेज वरच्या पट्टीत काही वेळ ठाण मांडून बसतो. शंकरपटाच्या लाइव्हमध्ये याची रंगत असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचे कायदे कायम ठेवल्यापासून पट जोरात आहेत, आणि मुंबईत नोकरी करणारा वणीचा पोरगा रजा मिळाली नाही म्हणून मोबाइलवर जोडी पाहतो, दोनशे रुपये टाकून आपल्या गावच्या बैलांचं नाव लिहितो. समालोचक ते ओरडून वाचतो. मांडवात एकशे एक रुपये देऊन नाव पुकारून घ्यायचं तेच हे. फक्त इथं माइकवाल्याला चिठ्ठी खिशात घालता येत नाही. पण मला खरी गोडी फुकटच्या मेसेजात वाटते. रंगीत मेसेज वाचताना भाऊचा आवाज बदलतो. जरा वरच्या पट्टीत जातो, धन्यवाद तीनदा म्हणतो आणि प्रश्न विसरतो. किलर बॉयला त्यानं जे उत्तर दिलं तसं उत्तर मी पैसेवाल्या कोणाला मिळालेलं ऐकलं नाही.

त्या रात्री जेवताना नात म्हणाली, आजोबा, हँडल बदलून देते, तुमचं नाव टाकते. चौदा दिवसांत दोनदा बदलता येतं, चुकलं तरी भीती नाही. काकाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. विचार केला.

"नको," म्हणाले. "आता भाऊ ओळखते त्या नावानं."

आम्ही हसलो. पण कापूस ताडपत्रीवर पसरला त्याच्या तिसऱ्या रात्री भाऊ आठला लाइव्ह आला, आवाजाचं विचारलं, शांतता झाली, आणि कोणाचंही "हो" यायच्या आधी त्यानं स्वतःच पडद्यात वाकून विचारलं, "काय किलर बॉय, आले का? कितीवर आला ओलावा?"

काकाजींचं बोट कामाला लागलं. नात म्हणाली, फक्त आकडा लिहा. ते म्हणाले, आदरणीय तं लिहू दे एक.